हा हॅशटॅग आपोआप वर आलाय की कुणी चढवलाय? (मोजून पाहिलं, मदत हवी)

जिल्हा_वार्ताहर | मंगळवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या साप्ताहिकात काम करतो. आज दुपारी संपादकांनी एक स्क्रीनशॉट पाठवला. आमच्या भागातून जाणाऱ्या नियोजित वळणरस्त्याच्या बाजूने एक मराठी हॅशटॅग एक्सवर ट्रेंडमध्ये आला होता. हुकूम असा, की ‘नेटकऱ्यांची मागणी’ असा मथळा देऊन चारशे शब्द दे.

हा रस्ता कुठून न्यायचा यावर गावांमध्ये वाद आहे. मी तीन महिने त्यावर लिहितोय आणि रस्ता याच आखणीने व्हावा म्हणून जीव टाकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून शंका आली. हॅशटॅग इथे मुद्दाम देत नाही. तुम्ही सगळे शोधायला गेलात, कुणी टर उडवायला वापरलात, की आपणच त्याला वर ढकलू.

संध्याकाळी बसून हाताने मोजलं. शोधात ‘लेटेस्ट’ निवडून दिसल्या तेवढ्या पोस्ट एक्सेलमध्ये उतरवल्या. एकूण 400 पोस्ट, खाती 118. सर्वांत जास्त लिहिणाऱ्या 12 खात्यांच्या मिळून 190 पोस्ट. पहिली पोस्ट 10:52 ची, एकटीच. मग थेट 11 वाजता पाच मिनिटांत 96. बारा वाजेपर्यंत 331 झाल्या. उरलेल्या 69 संध्याकाळपर्यंत रडतखडत.

यावरून ‘पैसे देऊन चालवलेला’ असं छापता येईल का?

---

सडेतोड | 9:58

सरळ आहे हो. सगळे बॉट. खात्यांच्या नावापुढे आकडे आहेत का बघा. अमुक73920184 वगैरे. डीपी नाही, फॉलोअर बारा, खातं गेल्या वर्षीचं. असली खाती निम्म्याहून जास्त असतील तर डोळे मिटून छापा.

---

शकू_मावशी | 10:06

सडेतोड, माझं खातं बघा. नावापुढे आठ आकडे आहेत, कारण भाच्याने उघडून दिलं तेव्हा एक्सनेच ते नाव सुचवलं आणि मी बदललं नाही. डीपी म्हणून गणपती आहे. फॉलोअर नऊ. मी सातारला राहते, हाडामांसाची आहे.

---

सडेतोड | 10:09

मावशी, तुम्ही अपवाद.

---

आकडेमोड | 10:31

मावशी अपवाद नाहीत, त्या नियम आहेत. नाव नोंदवताना तुम्ही स्वतः हँडल निवडलं नाही तर आकडे चिकटतात, आणि आपल्याकडे पुष्कळ लोक निवडत नाहीत. आकडेवाल्या नावांवरून बॉट ओळखायला गेलं तर पहिल्यांदा सापडतात ते उशिरा इंटरनेटवर आलेले लोक. उलट पैसे घेऊन पोस्ट करणाऱ्या मुलांची खाती जुनी असतात, फोटो असतो, चार-पाच हजार फॉलोअर असतात. नसले तर त्यांना काम कोण देईल?

सडेतोड यांचं एक मात्र बरोबर आहे. एकाच आठवड्यात उघडलेली पुष्कळ खाती एकाच टॅगवर दिसली तर तो पुरावा धरायचा. पण तिथे खातं नवं असण्यापेक्षा ती सगळी एकाच वेळी जन्मली हे महत्त्वाचं. एकेकटं खातं पाहून काही कळत नाही, गठ्ठा पाहावा लागतो.

धागाकर्ते, तुमची मोजणी चांगली आहे. पण तुलनेला दुसरं काही नाही. 118 खाती आणि 400 पोस्ट म्हणजे माणशी 3.4. हे जास्त की कमी हे कशावरून ठरवणार? तुमच्याच भागातला, जो आपोआप उसळला याबद्दल शंका नाही असा एखादा जुना टॅग घ्या आणि त्याच पद्धतीने त्याच्या पहिल्या 400 पोस्ट मोजा. शोधात असं लिहा:

```
#टॅग since:2024-07-20 until:2024-07-22 -filter:replies
```

तारखा तुमच्या घाला. `until` चा दिवस धरला जात नाही, आणि दिवस ग्रीनिच वेळेने मोजला जातो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. यात अनेक जण फसतात. उत्तरं मुद्दाम गाळली आहेत; ती नंतर वेगळी पाहू, त्यांचं काम वेगळं आहे.

---

मंजूषा_स_देशपांडे | 10:44

छान धागा. माझं मेंदीचं पेज आहे. रीलला हॅशटॅग लावते तरी ट्रेंड होत नाही. सकाळी 11 ला टाकलं तर होईल का? तुमच्या 96 पोस्ट 11 लाच आल्या म्हणून विचारते.

---

आकडेमोड | 10:52

मंजूषाताई, ते इन्स्टाग्राम, हे एक्स. इन्स्टावर अशी ट्रेंडची यादीच नाही, तिथे टॅग शोधायला उपयोगी पडतात. 11 वाजण्यात काही जादू नाही. तिथे कुणीतरी 11 ला सुरू करा म्हणून सांगितलं होतं, एवढंच.

---

मंजूषा_स_देशपांडे | 10:55

अरेरे. बरं. तरी वाचतेय.

---

पूर्वाश्रमीचा_ट्रेंडवाला | 11:20

आयडी यासाठीच नवा काढलाय. मी कॉलेजात असताना दोन वर्षं हे काम केलं. कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

आदल्या रात्री व्हॉट्सॲप गटात वेळ आणि टॅग येतो. सोबत गूगल डॉक. त्यात चाळीस-पन्नास तयार वाक्यं. आपण पंधरा उचलायची, शक्य तर एखादा शब्द बदलायचा, टाकायची, आणि लिंका एका शीटमध्ये भरायच्या. शीट भरली तरच पैसे. ‘टॅग आधी वापरू नका’ ही सूचना ठळक अक्षरात. कारण आधी थोडा थोडा वापरला गेला तर उसळी बसत नाही.

10:52 ची ती एकटी पोस्ट आहे ना? ती चाचणी असणार. टॅगचं स्पेलिंग बरोबर उमटतंय का, मधेच तुटत तर नाही ना, हे पाहायला गटप्रमुख एक टाकून बघतो. देवनागरी टॅगमध्ये मध्ये चुकून स्पेस किंवा पूर्णविराम पडला तर अर्धाच टॅग निळा होतो. हिंदी-मराठी कामांना हे हमखास करायचे.

---

जिल्हा_वार्ताहर | 11:34

त्या पोस्टमध्ये टॅगशिवाय काहीच लिहिलेलं नाही. फक्त टॅग आणि एक टिंब.

---

पूर्वाश्रमीचा_ट्रेंडवाला | 11:36

मग झालंच.

---

पेठेतला_अभ्यासू | बुधवार, सकाळी 7:15

एक मिनिट. ट्रेंडवाले जे सांगताहेत ते सगळं आम्ही पण करतो आणि एक रुपया कुणी देत नाही. स्पर्धा परीक्षेची तारीख पुढे गेली, निकाल रखडला की टेलिग्राम चॅनलवर ठरतं: आज संध्याकाळी 5 वाजता, हा टॅग, त्याआधी कुणी वापरायचा नाही. खाली तयार मजकूर. अभ्यासिकेतली सगळी पोरं एकदम सुरू होतात. एकेक जण पन्नास-पन्नास टाकतो, कारण दुसरं आमच्या हातात काय आहे?

मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर बसली. ते खोटं होतं का? तुमच्या एक्सेलमध्ये आम्ही बॉट ठरणार.

---

सडेतोड | 7:40

फरक आहे. तुमचं खरं, त्यांचं खोटं.

---

पेठेतला_अभ्यासू | 7:43

हो, पण एक्सेलला ते कसं कळणार, हाच तर प्रश्न आहे दादा.

---

आकडेमोड | 9:10

अभ्यासू यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

ट्रेंडची यादी एकूण किती पोस्ट झाल्या यावर चालत नाही. नेहमीच्या मानाने अचानक किती वाढलं, यावर चालते. 2011 साली न्यूयॉर्कमध्ये ऑक्युपाय वॉल स्ट्रीटचं आंदोलन चालू होतं आणि त्याचा टॅग तिथल्या ट्रेंडमध्ये दिसेना, तेव्हा ट्विटर दाबतंय असा आरोप झाला. आकडे तपासले तर कारण वेगळं निघालं. टॅग हळूहळू, रोज थोडा थोडा वाढत गेला होता. उसळीच नव्हती. म्हणून ज्याला यादीत यायचं आहे त्याला एका तासात गर्दी करावी लागते. पैसे घेणाऱ्यालाही आणि आंदोलकालाही. दोघांचा आलेख सारखाच दिसणार, कारण दोघे एकाच दाराने आत शिरताहेत.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. एक, हे ठरवून केलेलं आहे का? हे बाहेरून बऱ्यापैकी ओळखता येतं. दुसरा, त्यामागे पैसा आहे का? हे पोस्ट पाहून सहसा सिद्ध होत नाही. त्याला शीट लागते, गटातला माणूस लागतो, पावती लागते.

2019 च्या लोकसभा निवडणुकीवर यावर चांगलं काम झालंय. संशोधक भाजप समर्थकांच्या सुमारे 600 व्हॉट्सॲप गटांत शिरले. तयार ट्विटांच्या याद्या जोडलेले ‘ट्रेंड अलर्ट’ तिथे येत. अशा 75 मोहिमा त्यांना सापडल्या आणि त्यातून देशपातळीवर शेकडो ट्रेंड तयार झाले. पण महत्त्वाचं हे, की सूत्रं वरून हलत होती तरी भाग घेणारे स्वेच्छेने घेत होते. मग याला खोटं म्हणायचं की प्रचार? त्यांनी स्वतःही तो वाद मिटलाय असा दावा केलेला नाही.

---

कोपरखळी | 9:32

आला का पक्ष? वाटच बघत होतो. बाकीचे काय टाळ कुटतात?

---

आकडेमोड | 9:50

नाही कुटत. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांच्या तमिळनाडू भेटीच्या वेळी स्वागताचा एक टॅग आणि ‘परत जा’ म्हणणारा दुसरा, असे दोन समोरासमोर चालले. ऑनलाइन अपप्रचार तपासणाऱ्या डीएफआरलॅब या संस्थेने दोन्ही तपासले, आणि दोन्ही बाजूंना मूठभर खाती भरमसाट पोस्ट टाकताना दिसली. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांचं नाव घेतलं, एवढंच.

---

संपादक मंडळ | 10:05

पक्षांवर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढावा. त्यासंबंधीचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

---

फ्रँकफुर्टकर_बंड्या | दुपारी 1:25

इथे ऑफिसात एक तुर्की सहकारी आहे, त्याच्याशी हे बोलत होतो. तो म्हणाला, आमच्याकडे निराळीच तऱ्हा होती: टॅग यादीत पहिला, उघडून बघितलं तर आत पोस्टच नाहीत! मला वाटलं फेकतोय. खरंच असं होतं का?

आणि एक बारीक तक्रार. आम्ही गणपतीचे फोटो टाकतो तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. ‘रात्री दोनला मराठीत पोस्ट म्हणजे बॉट’ असं कृपया ठरवू नका.

---

आकडेमोड | 2:40

फेकत नाहीये. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठातल्या मंडळींचा 2021 मधला शोधनिबंध त्यावरच आहे. तुर्कस्तानात हजारो खऱ्या लोकांची खाती कुठल्यातरी ॲपच्या आडून ताब्यात घेतलेली होती. ती सगळी एकाच क्षणी पोस्ट टाकत: शब्दकोशातून उचललेले अर्थहीन शब्द आणि मध्ये तो टॅग. आणि टाकल्या टाकल्या पुसत. खातेदाराला पत्ता नाही, कारण त्याच्या पानावर काही उरत नाही. ट्विटरची गणना मात्र पुसलेल्या पोस्ट वजा करत नव्हती. टॅग वर यायचा, आणि मग ‘हे काय आहे’ म्हणून खरे लोक त्यात लिहायला लागायचे. तिथल्या रोजच्या पहिल्या पाच ट्रेंडपैकी निदान 47 टक्के असे बनावट होते, असं त्यांनी काढलंय.

म्हणून एक खूण लक्षात ठेवा. टॅग यादीत आहे, पण यादीत येण्याच्या आधीच्या तासातल्या पोस्ट शोधात जवळजवळ नाहीत, आणि ज्या आहेत त्या ‘हे ट्रेंडिंग का आहे?’ विचारणाऱ्या आहेत. यादीत तो कधी आला हे `trends24.in` वर तासागणिक दिसतं, पण साधारण एका दिवसापुरतं. त्यामुळे स्क्रीनशॉट लगेच घ्यावा, दुसऱ्या दिवशी हळहळून उपयोग नाही.

धागाकर्त्यांच्या टॅगला हे लागू नाही, तिथे पोस्ट जागेवर आहेत. वेळेबद्दल बंड्या यांचं पटलं. रात्री दोनला लिहिणं हा पुरावा नव्हेच. 96 पोस्ट त्याच पाच मिनिटांत पडणं हा आहे.

---

जिल्हा_वार्ताहर | सायंकाळी 6:30

तुलनेसाठी आमच्या शहरातला जुलै महिन्यातला खड्ड्यांचा टॅग घेतला. एका दुचाकीस्वाराचा अपघात झाला होता त्या दिवशीचा. पहिल्या 400 पोस्ट, खाती 341. माणशी सव्वापेक्षाही कमी. सर्वांत जास्त लिहिणाऱ्या दहा टक्क्यांनी, म्हणजे 34 खात्यांनी, 80 पोस्ट टाकल्या होत्या, म्हणजे पाचवा हिस्सा. रस्त्याच्या टॅगमध्ये दहा टक्के म्हणजे 12 खाती, आणि त्यांच्या पोस्ट जवळजवळ निम्म्या. खड्ड्यांच्या 400 पोस्ट भरायला सकाळी 7:40 पासून संध्याकाळचे सहा वाजले. सर्वांत गजबजलेल्या पाच मिनिटांत 14 पोस्ट.

पण मोजताना एक गोष्ट दिसली ती आकड्यात बसत नाही. खड्ड्यांच्या दिवशी सकाळी टॅग एक नव्हताच! कुणी शहराचं नाव आधी लिहिलं, कुणी खड्डे आधी, एकाने ‘खडे’ लिहिलं, दोन-तीन इंग्रजी अक्षरांत होते. दहा वाजेपर्यंत चार-पाच टॅग एकमेकांशेजारी चालले होते आणि मग एक तेवढा पुढे गेला. मी तो पुढे गेलेलाच मोजलाय. रस्त्याचा टॅग मात्र पहिल्या मिनिटापासून एकच. लांबलचक, तीन अंडरस्कोर असलेला, आणि 400 पैकी एकानेही तो चुकवलेला नाही.

---

शकू_मावशी | 6:41

तीन अंडरस्कोर मला तरी एका दमात टाकता यायचे नाहीत.

---

आकडेमोड | 7:20

ही खूण मी स्वतः आकड्यांच्या वर धरते. आपोआप उठलेल्या गोष्टीला नाव मागाहून मिळतं. लोक आधी ओरडतात, मग कोणत्या शब्दांत ओरडायचं ते जुळतं. ठरवलेल्या मोहिमेत नाव आधी आणि ओरडणं नंतर. चुकलेली स्पेलिंगं शोधायची असतील तर टॅग न टाकता साधा शब्द शोधा, तीही दिसतात.

आता तीन गोष्टी आणखी पाहा. पहिली, 11 च्या आधी बाहेर काही घडलं होतं का? 4 ऑक्टोबर 2019 ला आरेच्या झाडांबाबतच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. टॅग उसळले. आरे वाचवा म्हणणारे गट आधीपासून संघटित होतेच, टॅगही जुना होता. पण त्या रात्रीच्या उसळीला झाडं पडण्याचं कारण होतं, आणि कधी एक ओळ न लिहिलेले लोक तीत होते. तुमच्या 11 वाजण्याला असं काही कारण आहे का?

दुसरी, भांडण आहे का? खऱ्या टॅगमध्ये विरोधक घुसतात, थट्टा करणारे घुसतात, कुणीतरी आपला सेकंडहँड फ्रीज विकायला घुसतो. मघाशी गाळलेली उत्तरं आता इथे पाहा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी. त्या 12 खात्यांची गेल्या दोन-तीन महिन्यांची पानं वाचा. आणखी कशाकशावर एकत्र लिहिलंय ते टिपा.

एक सावधगिरी. शोधात सगळ्या पोस्ट दिसत नाहीत, आणि नुसत्या रिपोस्ट तर दिसतच नाहीत. तेव्हा ‘400 पोस्ट झाल्या’ असं लिहू नका. ‘मला दिसलेल्या 400 पैकी’ लिहा. पूर्वी एपीआयने सगळं खाली उतरवता यायचं, 2023 मध्ये ते फुकटचं दार बंद झालं. आता तुमच्यासारखं हाताने.

---

जावास्क्रिप्ट_जोशी | 7:48

वेळ मिनिटापर्यंतच दिसते म्हणून अडला असाल तर पोस्टच्या लिंकमधला लांब आकडा घ्या. त्यात मिलिसेकंदापर्यंतची वेळ दडलेली असते.

```python
from datetime import datetime, timedelta
ms = (post_id >> 22) + 1288834974657
print(datetime.utcfromtimestamp(ms/1000) + timedelta(hours=5, minutes=30))
```

`post_id` च्या जागी तो आकडा.

---

जिल्हा_वार्ताहर | गुरुवार, रात्री 10:15

दोन रात्री गेल्या. बायको विचारतेय, पगारवाढ मिळणार आहे का.

जोशीबुवांचा कोड चालला. 11 च्या 96 पोस्टपैकी 22 या 11 वाजून शून्य ते तीन सेकंदांच्या आत आहेत.

बाहेर काही घडलं नव्हतं. त्या दिवशी ना सुनावणी, ना बैठक, ना घोषणा. मी भूसंपादन कार्यालयातही विचारून आलो. भांडणही नाही. 400 पोस्टवर मिळून उत्तरं 19, त्यातली 11 आपसांतलीच, ‘अगदी बरोबर’ छापाची. ज्या गावांची जमीन जाणार तिथलं म्हणून ओळखता येईल असं एकही खातं सापडलं नाही.

मजकुरात 26 वाक्यं आलटून पालटून. त्यातल्या एकात ‘सुनियोजित विकास’ हे ‘सुनीयोजीत वीकास’ असं लिहिलंय. दोन्ही शब्दांतल्या मिळून तिन्ही वेलांट्या दीर्घ. तेच तसंच 41 पोस्टमध्ये, 17 खात्यांवर.

आणि त्या 12 खात्यांची पानं. नऊ जण गेल्या दोन महिन्यांत एकत्र दिसतात: एका मोबाईलच्या विक्रीच्या दिवशी, एका दाक्षिणात्य सिनेमाच्या ट्रेलरला, एका महाराजांच्या वाढदिवसाला, दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या कौतुकाला. प्रत्येक वेळी तास-दीड तास, मग शांतता.

---

पूर्वाश्रमीचा_ट्रेंडवाला | 10:29

शून्य ते तीन सेकंद म्हणजे शेड्यूल केलेल्या पोस्ट. आम्हीपण लावून ठेवायचो आणि लेक्चरला बसायचो. वीकास वाचून हसलो. आमच्या डॉकमध्येही असंच व्हायचं, कुणी वाचून बघत नसे. बघायचं कारणच नव्हतं, पैसे लिंकांचे मिळायचे.

---

आकडेमोड | 10:50

2019 च्या फेब्रुवारीत ऑल्ट न्यूजच्या प्रतीक सिन्हांनी नेमका याचाच फायदा घेतला होता. प्रचाराच्या ट्विटांची डॉक कुणालाही बदलता येईल अशी उघडी होती. त्यांनी वाक्यं उलट्या अर्थाची करून ठेवली, आणि एका केंद्रीय मंत्र्याच्या खात्यावरून ‘मध्यमवर्गासाठी काम करणं सरकारच्या यादीत तळाला आहे’ अशा अर्थाचं ट्विट गेलं. (संपादक मंडळ, हे पक्षासाठी नाही, टंकलेखनासाठी आहे.)

धागाकर्ते, माझ्या मते शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार. एका तासातल्या गर्दीवरून अभ्यासू यांची पोरं आणि ही नऊ खाती वेगळी काढता येत नाहीत. दोन महिन्यांवरून येतात. स्वयंसेवक एकाच गोष्टीभोवती फिरतो, परीक्षा म्हणजे परीक्षा. मोबाईल, महाराज, विद्यापीठ आणि तुमचा वळणरस्ता या सगळ्यांचा एकाच वेळी कळवळा असलेले नऊ जण योगायोगाने जमत नाहीत. केनियात 2021 मध्ये मोझिलाच्या अभ्यासकांना मोहिमांत भाग घ्यायचे 10 ते 15 डॉलर घेणारे लोक सापडले. तिथेही हुकूम व्हॉट्सॲपवरूनच. पण पैशाचं कळलं ते त्यात काम केलेली माणसं बोलली म्हणून.

---

जिल्हा_वार्ताहर | 11:05

मग ‘पैसे देऊन’ लिहू?

---

आकडेमोड | 11:12

मी लिहिणार नाही. ‘ठरवून चालवलेला’ लिहीन, आणि कशावरून ते लिहीन.

---

सडेतोड | 11:15

इतकं सगळं दिसतंय आणि लिहायचं नाही? मग मोजलं कशाला?

---

पूर्वाश्रमीचा_ट्रेंडवाला | 11:21

मीही सांगतो, पैसे आहेत. पण कुणी दिले ते त्या नऊ पोरांनाही माहीत नसणार. मला कधीच कळलं नाही. रस्त्याच्या बाजूचा कुणी असेल, किंवा बाजूच्याला बदनाम करायला विरोधकाने केलं असेल. तेही काम आम्ही एकदा केलंय.

---

पेठेतला_अभ्यासू | 11:40

आकडेमोडताई, आम्हालाही ‘ठरवून चालवलेला’च म्हणणार का मग? बातमीत तो शब्द आला की आमचं गेलंच. वाचणारा दोन महिन्यांची पानं वाचत नाही.

---

आकडेमोड | 11:58

म्हणेन. सोबत ‘परीक्षार्थींनी’ हेही लिहीन. तुम्ही टॅग आणि वेळ उघड चॅनलवर जाहीर करता, लपवत नाही. तो फरक मला पुरेसा वाटतो, तुम्हाला वाटणार नाही हे कळतं.

---

पेठेतला_अभ्यासू | शुक्रवार, सकाळी 6:50

नाही वाटत.

---

जिल्हा_वार्ताहर | शनिवार, दुपारी 12:10

बातमी दिली. ‘400 पैकी 190 पोस्ट 12 खात्यांच्या’ असा मथळा दिला होता, संपादकांनी ‘ट्रेंडमागचे कोण?’ केला. आत आकडे तसेच राहिले, पैशाबद्दल काही लिहिलेलं नाही. शून्य ते तीन सेकंदांचा परिच्छेद जागेअभावी गेला. ‘वीकास’ची चौकट छापून आली.

आज 11 वाजता टॅग पुन्हा सुरू झालाय. नऊतली सात खाती आहेत, पाच नवी. पहिल्या पाच मिनिटांत मला 60 दिसल्या, अजून मोजतोय. ‘सुनियोजित विकास’ आता बरोबर लिहिलंय.